हात पांढरे आणि माटोळी तयार: परफेक्टच्या दोन रूपांबद्दल प्रश्नोत्तरे

मॅडम, मुलीने ‘आय हॅव बीन नोइंग हर फॉर टेन इयर्स’ लिहिलं. वाक्यात ‘फॉर’ आहे, तरी गुण कापले. का? – एक पालक, म्हापसा

गुण कापले ते बरोबरच. ‘नो’ ही क्रिया नव्हे, स्थिती आहे, म्हणून कितीही वर्षांची ओळख असली तरी ‘हॅव नोन’ असंच येतं.

‘सिन्स फाइव्ह इयर्स’ आमच्या ऑफिसात सगळेच म्हणतात. चालतं ना? – पणजी

नाही. ‘सिन्स’नंतर सुरुवातीचा क्षण येतो: सोमवार, सकाळ, 2019. पाच वर्षं हा कालावधी आहे, त्याला ‘फॉर’ लागतं. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ दोन्हींना एकच ‘पासून’ चालतं, तिथून ही चूक येते.

क्लासमध्ये दोन नियम दिलेत. ‘फॉर’ किंवा ‘सिन्स’ दिसलं की ‘हॅव बीन’ आणि आयएनजी. परिणाम डोळ्यांना दिसला की ‘हॅव’ आणि तिसरं रूप. दोन्ही पाठ केले, तरी रिकाम्या जागांत निम्मी उत्तरं चुकली. माझं काय चुकतंय? – दहावीचा विद्यार्थी, फोंडा

तुझं काही चुकलेलं नाही, नियम चुकीचे आहेत. हेच दोन नियम छापलेला कागद दरवर्षी कुणी ना कुणी माझ्यापुढे धरतो. दोन ओळींत काळ शिकवून फी घेतली जाते आणि उत्तरपत्रिकेवरच्या लाल खुणा मुलांच्या वाट्याला येतात, याची मला खरोखर चीड येते.

चवथीच्या आदल्या दिवसाचा एक उतारा घे. वर्गासाठी मीच लिहिला आहे. पहिली जागा अशी: आईचे हात पांढरे झालेत, कारण ‘शी … कोकोनट्स सिन्स फाइव्ह ओक्लॉक’, आणि क्रियापद ‘ग्रेट’, म्हणजे खवणं. आता तुझे नियम लाव. ‘सिन्स’ आहे, म्हणून पहिला नियम म्हणतो आयएनजी. हात पांढरे दिसताहेत, म्हणून दुसरा म्हणतो तिसरं रूप. एकाच जागेवर दोघे भांडतात. बरोबर उत्तर ‘हॅज बीन ग्रेटिंग’.

परिणाम दिसतो की नाही, हा प्रश्नच अपुरा आहे. दिसतंय ते कशाचं, हे विचारायचं. पांढरे हात ही खवण्याच्या क्रियेची खूण आहे. नारळ संपले की अजून चार उरलेत, हे हातांवरून कळत नाही. क्रियेची खूण दिसते तेव्हा कंटिन्युअस येतो, क्रिया नुकतीच थांबली असली तरी. काम पुरं होऊन हाती आलेली वस्तू दिसते तेव्हा साधा परफेक्ट.

म्हणून पुढची जागा, ‘माय अंकल … द माटोळी. लुक, इट इज रेडी’. क्रियापद ‘टाय’. काकांचे हात कसे झालेत याच्याशी इथे कर्तव्य नाही. माटोळी बांधून झाली, ती वर टांगलेली दिसते. ‘हॅज टाइड’. तिथे ‘हॅज बीन टाइंग’ लिहिलंस, तर काका बांधायला बसले होते एवढंच कळतं, आणि ‘रेडी’ हा शब्द अधांतरी राहतो.

तिसरी जागा परत आईची: ‘शी … सिक्स सो फार’. सहा नारळ. मोजून आकडा दिला की लक्ष झालेल्या कामावर जातं, म्हणून ‘हॅज ग्रेटेड’. आई अजून खवतेच आहे, तरीही. ‘किती वेळ’ याचं उत्तर कंटिन्युअस देतो, ‘किती नग’ याचं साधा परफेक्ट. इथे ‘सिन्स मॉर्निंग’ जोडलं तरी उत्तर बदलत नाही: ‘शी हॅज ग्रेटेड सिक्स सिन्स मॉर्निंग’. तुझा पहिला नियम इथे सपशेल पडतो.

चौथी जागा: ‘ही … एनीथिंग सिन्स मॉर्निंग’, क्रियापद ‘नॉट ईट’. काकांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. जी क्रिया घडलीच नाही तिला लांबवणार कशी? ‘हॅज नॉट ईटन’. आता ‘ही हॅज नॉट बीन ईटिंग वेल’ हे वाक्यही शुद्ध आहे, पण त्याचा अर्थ हल्ली त्याचं जेवण नीट होत नाही असा. तो वेगळा उतारा झाला.

अडलं तर मराठीत म्हणून बघ. ‘बांधून झाली’ असं सहज म्हणता आलं तर साधा परफेक्ट, ‘खवत होती’ किंवा ‘खवतेय’ म्हणावंसं वाटलं तर कंटिन्युअस. पण ही कसोटी दोन ठिकाणी दगा देते. एक, ‘खवत होती’ वरून मुलं थेट ‘वॉज ग्रेटिंग’ लिहितात. खूण आत्ता समोर असेल तर ‘हॅज बीन’ हवं. दुसरं, पाऊस. सकाळी दार उघडलं, रस्ता ओला, आभाळ मोकळं. आपण म्हणतो ‘पाऊस पडून गेलाय’. ‘पडून’ ऐकून मूल साधा परफेक्ट लिहितं. इंग्रजीत मात्र ‘इट हॅज बीन रेनिंग’, कारण ओला रस्ता ही पडण्याची खूण आहे आणि पावसात पुरं करण्यासारखी वस्तू काही नसते. तेव्हा आधी वाक्यात कर्म शोध: माटोळी, भिंत, पत्र. ते पुरं झालं का, हे त्या वाक्यातून आणि पुढच्या वाक्यातून ठरव. रिकाम्या जागेच्या आसपासचा एक शब्द पकडून उत्तर लिहू नकोस.

चुकलेली उत्तरपत्रिका घेऊन शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांकडे जा. मी इथे चार जागा सोडवल्या, तुझ्या कुठल्या चुकल्या ते पेपर पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

‘शी … इन मडगाव फॉर टेन इयर्स’, क्रियापद ‘लिव्ह’. गाइडमध्ये ‘हॅज लिव्ह्ड’, शिक्षक म्हणतात ‘हॅज बीन लिव्हिंग’. खरं कोण? – वास्को

दोघेही. ‘लिव्ह’ आणि ‘वर्क’ला दोन्ही रूपं चालतात, अर्थामध्ये फारसा फरक पडत नाही. मुक्काम तात्पुरता वाटला तर कंटिन्युअसकडे कल जातो, एवढंच. अशी जागा एका गुणासाठी देणं ही प्रश्न काढणाऱ्याची चूक आहे. गुण गेला असेल तर शिक्षकांना शांतपणे विचारा, गाइड पुढे करून वाद घालू नका.

एका ओळखीच्यांनी सांगितलं की इंग्लंडात आता साधा परफेक्टच वापरतात, कंटिन्युअस जुना झाला. हे खरं आहे का? – डिचोली

खोटं आहे. घामाघूम माणसाला तिथेही ‘हॅव यू बीन रनिंग’ असंच विचारतात. ऐकीव गोष्टीवर मुलाची तयारी बदलू नका.

मुलाचा पेपर सोमवारी आहे. हे दोन काळ अजून गोंधळाचे आहेत. नवीन कुठलं पुस्तक घेऊ? – पेडणे

नवीन पुस्तक घेऊ नका. वर्षभर गोंधळ होता तर हे पत्र जूनमध्ये यायला हवं होतं. आता त्याच्या वहीतल्या सोडवून झालेल्या दहा रिकाम्या जागा काढा. प्रत्येकीपुढे त्याला मराठीत एवढंच लिहू द्या: ‘किती वेळ’, ‘किती नग’, ‘खूण’ किंवा ‘पुरी वस्तू’. ज्या जागेपुढे त्याला काहीच लिहिता येणार नाही, ती उद्या शाळा सुटायच्या आत शिक्षकांना दाखवा.