हाउस एअर वेबिल हातात असताना हरवलेल्या मालाचा दावा कोणावर करायचा?

प्रश्न : मी कोल्हापुरात चपलांचा छोटा कारखाना चालवतो. मुंबईच्या एका कन्सॉलिडेटरमार्फत सहा खोकी विमानाने लंडनच्या ग्राहकाला पाठवली, पण त्याला चारच मिळाली. त्या गोष्टीला नऊ दिवस झाले. कन्सॉलिडेटर म्हणतो, एअरलाइनकडे दावा करा. एअरलाइन म्हणते, आमच्या कागदांवर तुमचे नावच नाही आणि आमचे सर्व नग पोहोचले आहेत. उरलेल्या दोन खोक्यांतल्या मालाची किंमत 1,800 डॉलर आहे. मी कोणाला धरू?

उत्तर : आपला दावा प्रथम कन्सॉलिडेटरवर आहे, आणि तो आजच लेखी मांडावा.

कन्सॉलिडेटर अनेक लहान निर्यातदारांचा माल एकत्र करून एअरलाइनकडे एकच खेप म्हणून देतो. एअर वेबिल म्हणजे विमानाने माल नेण्याच्या कराराचा कागद. त्या संपूर्ण खेपेसाठी जे मास्टर एअर वेबिल निघते, त्यात माल पाठवणारा म्हणून कन्सॉलिडेटरचे आणि घेणारा म्हणून परदेशातील त्याच्या एजंटाचे नाव असते. मालाच्या वर्णनाच्या रकान्यात बहुधा ‘सोबतच्या मॅनिफेस्टप्रमाणे एकत्रित माल’ एवढेच लिहिलेले असते; मॅनिफेस्ट म्हणजे खेपेतल्या मालाची यादी. आपल्याला मिळते ते हाउस एअर वेबिल, ज्यावर आपण आणि आपला ग्राहक या दोघांची नावे असतात. म्हणून आपले नाव कागदांवर नाही हे एअरलाइनचे म्हणणे खरे आहे. मात्र त्यामुळे कन्सॉलिडेटर मोकळा होत नाही.

आता हाउस एअर वेबिल समोर ठेवून दोन जागा पाहाव्यात. वर उजवीकडे ते कोणी जारी केले ते छापलेले असते आणि खाली वाहक किंवा त्याचा एजंट म्हणून सही असते. दोन्ही ठिकाणी कन्सॉलिडेटरचेच नाव असून त्याने दुसऱ्या कोणाचा एजंट म्हणून सही केलेली नसेल, तर माल पोहोचवण्याचा करार त्याने स्वतः आपल्याशी केला आहे. 1972च्या हवाई वाहतूक कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत असलेल्या मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे तो करार करणारा वाहक ठरतो आणि एअरलाइन प्रत्यक्ष वाहक. त्या वाहतुकीत एअरलाइनने केलेल्या चुकीलाही तो आपल्यापुढे जबाबदार असतो. ‘अमुक एअरलाइनचा एजंट’ अशी सही असेल, तर तो स्वतः केवळ मध्यस्थ असल्याचा बचाव घेईल. तरीही भाडे कोणाच्या नावाच्या बिलावर घेतले आणि दर कोणी ठरवला, हा पुरावा तेव्हा उपयोगी पडतो.

एअरलाइनचे दुसरे म्हणणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मास्टरवरील सर्व नग लंडनला उतरले असतील, तर आपली दोन खोकी एक तर मुंबईच्या गोदामात खेपेत चढलीच नाहीत किंवा लंडनला एजंटाने खेप फोडताना चुकीच्या माणसाला गेली, आणि या दोन्ही जागा कन्सॉलिडेटरच्या ताब्यातल्या आहेत. त्याच्याकडून मास्टरचा क्रमांक, मॅनिफेस्टची प्रत आणि लंडनच्या एजंटाची नग मोजल्याची नोंद मागावी. मॅनिफेस्टमध्ये आपल्या हाउस क्रमांकापुढे सहा आहेत की चार, यावरून बरेच उलगडेल. हाउस एअर वेबिलवर ‘6 नग’ असेल, तर मॉन्ट्रियल करारानुसार तो प्रथमदर्शनी पुरावा आहे; चारच मिळाले होते, हे सिद्ध करण्याचा भार कन्सॉलिडेटरवर पडतो.

नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून 14 दिवसांत करावी लागते. पूर्ण हरवलेल्या खोक्याला ही मुदत लागू होते का, यावर वाद घालता येतो, पण त्या वादावर विसंबू नये. उरलेल्या पाच दिवसांत आपण आणि आपला ग्राहक, दोघांनीही कन्सॉलिडेटरला ईमेल आणि पोच मिळेल असे पत्र पाठवावे, आणि त्याची प्रत एअरलाइनलाही द्यावी, कारण दोन वाहकांपैकी एकाला केलेली तक्रार दुसऱ्यालाही लागू पडते. न्यायालयात जाण्याची मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि करार कन्सॉलिडेटरच्या मुंबईतील कार्यालयातून झाला असल्याने दावा तिथेच लावता येईल.

रक्कम किती मिळेल, याबाबत आपण आधीच तयार असावे. माल सोपवताना वाढीव मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरले नसेल, तर भरपाई वजनावर ठरते. मॉन्ट्रियल करारातील मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून किलोमागे 26 एसडीआर आहे, पूर्वी ती 22 होती; एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. भारतीय कायद्याच्या अनुसूचीत त्या दिवशी लागू असलेला आकडा दावा करताना पडताळून घ्यावा. दोन खोक्यांचे वजन समजा 28 किलो असेल, तर 728 एसडीआर होतात, आणि एक एसडीआर साधारण सव्वा ते दीड डॉलर असतो, म्हणजे हाती हजार डॉलरच्या आसपासच येतील. चोरी झाली असली तरी मालाच्या बाबतीत ही मर्यादा ओलांडता येत नाही. आपण मालाचा विमा उतरवला असेल, तर त्या कंपनीलाही याच पाच दिवसांत कळवावे, कारण उरलेली रक्कम तिथूनच मिळू शकते.