'अस्सं माहेर सुरेख बाई', आणि पुढे काहीच नाही

"लेकीचा रात्री अकराला मेसेज आला, 'अस्सं माहेर सुरेख बाई'. बस, एवढंच. लग्नाला आठ महिने झालेत. 'म्हणजे काय गं?' विचारलं, तर म्हणाली, 'काही नाही, सहज.' तिला पुढची ओळ हवी होती की काही सांगायचं होतं?"

मी काकूंना आधी मेसेजचा दिवस विचारला. घटस्थापनेनंतरचा तिसरा. म्हणजे भोंडल्याचे दिवस. सोसायटीत गाणी म्हणताना ओळ अडली असेल, हे अगदी शक्य होतं. पण ओळ अडलेली मुलगी 'पुढे काय गं?' असं विचारते, 'सहज' म्हणून विषय मिटवत नाही.

'अक्कण माती चिक्कण माती' हे साखळीचं गाणं. खड्डा, जातं, सपिटी, करंज्या, तबक, शेला, पालखी, आणि पालखी माहेरी. मागच्या ओळीतली वस्तू उचलून पुढची ओळ येते, म्हणून कुठेही थांबा, ऐकणारीच्या तोंडात पुढचं आपसूक येतं. करंज्यांपाशी थांबली असती तर मी फार विचार केला नसता. ही जिथे थांबली तिथून पुढे येतं 'खायाला मिळतं', आणि मग 'अस्सं सासर द्वाड बाई, कोंडून मारितं'.

अर्थात एवढ्यावरून सासरच्यांना दोषी ठरवायचं नाही. पोरी हे गाणं खिदळतच म्हणतात. पण 'म्हणजे काय' हा प्रश्नही चुकलाच होता. त्याचं उत्तर लिहून द्यावं लागतं, आणि तिचा फोन घरात कोण बघतं हे आपल्याला कुठे ठाऊक?

मी म्हटलं, फक्त 'खायाला मिळतं' एवढं पाठवा आणि थांबा. सासरची ओळ तिची. ती हसत पाठवली, तर खेळ होता.

उत्तर आलं, "हो ना."

मग दुसऱ्या दिवशी दुपारी, ती घरात एकटी असते त्या वेळी, काकूंनी फोन केला. गाण्याचं नाव न काढता विचारलं, "काल रात्री काय जेवलीस?" बराच वेळ गेला. सगळ्यांचं झाल्यावर ती जेवते, पोळ्या मोजून केलेल्या असतात, रात्री बहुतेकदा भातच उरतो. कोणी हात उगारतं का, कोंडतं का, हेही सरळ विचारायला मी सांगितलं होतं. 'हो' किंवा 'नाही' इतक्यात उत्तर देता येईल असं, म्हणजे आसपास कोणी असलं तरी बोलता येतं. दोन्हींना 'नाही'. 'हो' आलं असतं तर महिला हेल्पलाइनचा 181 हा नंबर मी काकूंना आधीच लिहून दिला होता.

काकूंना तडक जावयाला फोन लावायचा होता. मी थांबवलं. तिला काय हवंय ते आधी तिलाच विचारा, म्हटलं.

ती म्हणाली, "दिवाळसणाला आम्ही दोघं येऊच. पण मला वसुबारसेच्या आधी ने. आणि करंज्या मी आल्यावर कर."