हिरड्या पांढऱ्याच राहिल्या तर

प्रिय डॉक्टर,

सोमवारपासून तुझी रात्रपाळी सुरू होते आहे. ‘कोसळलेलं पिल्लू आलं तर आधी काय करू?’ हा तुझा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून लिहिते आहे. तुझ्याआधी आपल्याकडे आलेल्या डॉक्टर मुलीची पहिली रात्र सांगते. त्या रात्री मी फोनच्या दुसऱ्या टोकाला होते, पण निर्णय तिचे होते.

जुलै महिना. मालवणात दिवसभर पाऊस कोसळत होता, वीज गेलेली, दवाखाना इन्व्हर्टरवर. रात्री साडेअकराला एक रापणकर आजोबा आणि त्यांची नात टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू घेऊन आले. सहा आठवड्यांची गावठी कुत्री, वजन १.६ किलो. मान टाकलेली, डोळे अर्धे उघडे, मध्येच पाय ताठ होत होते. “बाय, ह्येका झटको इलो. सांजेपासून दूध पियाक नाय,” आजोबा म्हणाले. नातीच्या हातात दुधाची बाटली होती. तिने ती पिल्लाच्या तोंडाला लावायच्या आत डॉक्टरने बाजूला ठेवायला लावली. शुद्ध नसलेल्या पिल्लाला गिळता येत नाही. दूध श्वासनळीत गेलं की फुप्फुसं भरतात, आणि मग साखर सुधारूनही पिल्लू जातं.

हातमोजे तिने टॉवेल उघडण्याआधीच घातले होते. लसीकरण न झालेल्या आईचं पिल्लू झटके देत असेल, लाळ गाळत असेल, तर रेबीज मनात धरायचाच, वय कितीही लहान असो. पिल्लू कुणाला चावलं आहे का, त्याला कुठला कुत्रा चावला होता का, हे दोन प्रश्न तिने हात चालू असतानाच विचारले. दोन्हींचं उत्तर नाही असं आलं. तू हे प्रश्न कधीही टाळू नकोस.

ताप ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे पिल्लू गार. कानाच्या कडेला टोचून काढलेल्या थेंबात साखर ३१. माणसांचं ग्लुकोमीटर आपण वापरतो त्याची एक खोड लक्षात ठेव. रक्त पातळ असेल, तांबड्या पेशी कमी असतील, तर ते साखर खरी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. म्हणजे अशक्त, पांढरट पिल्लात ३१ दिसली तर खरी साखर त्याहूनही खाली असू शकते.

आता शीर. कोसळलेल्या दीड किलोच्या पिल्लाच्या पुढच्या पायाची शीर सापडणं कठीण असतं. तिने २४ नंबरची कॅन्युला दोनदा घालून पाहिली आणि तिथेच थांबली. हे थांबणं मला फार महत्त्वाचं वाटतं. कितीतरी पिल्लं शीर शोधण्यात गेलेल्या वीस मिनिटांत जातात. तिने मांडीच्या हाडाचा मार्ग घेतला. खुब्याजवळची जागा भादरून, निर्जंतुक करून, मांडी आतल्या बाजूला वळवून धरली. हाडाचा जो उंचवटा बाहेरून बोटाला लागतो, त्याच्या आतल्या कडेला चिकटून साधी २० नंबरची सुई हाडाच्या लांबीला समांतर फिरवत आत सरकवली. कडेला चिकटून राहायचं कारण म्हणजे मागच्या बाजूने पायाचा मोठा मज्जातंतू जातो. सुई बरोबर बसली की हाडाबरोबर हलते, डुगडुगत नाही, आणि सलाईन ढकललं तर आजूबाजूला सूज येत नाही. पिल्लांचं हाड मऊ असतं, त्यामुळे वेगळी सुई लागत नाही. शिरेतून जे देता येतं ते जवळपास सगळं इथून देता येतं, रक्तसुद्धा.

२५ टक्के डेक्स्ट्रोज किलोला १ मिली, म्हणजे तिच्यासाठी १.६ मिली. तितकंच नॉर्मल सलाईन मिसळून ते तिने चार-पाच मिनिटांत हळूहळू दिलं. घट्ट द्रावण तसंच दिलं तर शीर आणि हाडाचा मगज दोन्ही दुखावतात. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून छाती-पोटाजवळ ठेवल्या, पायांजवळ नाही. पाय आधी तापले की कातडीच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब आणखी पडतो. ऊब हळूहळू द्यायची, दोन-तीन तास लागले तरी चालेल.

दहा मिनिटांत पिल्लाने मान उचलली. पंधराव्या मिनिटाला साखर ११८ होती आणि शेपटी हलत होती. नात रडता रडता हसायला लागली. आजोबांनी छत्री उचलली, “बरा झाला मां? मग नेतंव.”

इथे बहुतेक जण फसतात. साखर उतरली होती, साखर चढवली, पिल्लू उठलं, हिशेब जुळला असं वाटतं. पण निरोगी सहा आठवड्यांचं पिल्लू एका संध्याकाळच्या उपाशीपोटी असं कोसळत नाही. यकृतातला साठा थोडा असला तरी तितका तग तो धरतो. डॉक्टरने आजोबांना बसायला सांगितलं आणि पिल्लाचा ओठ पुन्हा उचलून पाहिला. ऊब आली होती, साखर आली होती, नाडी भरली होती, तरी हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्याच होत्या. धक्क्याने फिकट झालेल्या हिरड्या अशा वेळी गुलाबी व्हायला लागतात. या झाल्या नाहीत, म्हणजे मुळात रक्तच नव्हतं.

तिने मला तेव्हा फोन केला. मी एवढंच विचारलं, “पिल्लाची भावंडं कशी आहेत?” तिने आजोबांना विचारलं. चारांतली दोन त्याच आठवड्यात गेली होती. शी काळी, डांबरासारखी व्हायची. आई वाळूत, ओढून ठेवलेल्या होडीखाली व्याली होती.

केशनळीत रक्त घेऊन तिने पाच मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. तांबड्या पेशींचा वाटा, म्हणजे पीसीव्ही, ११ टक्के. या वयात तो मोठ्या कुत्र्यापेक्षा कमीच असतो, पण तिशीच्या आसपास तरी हवा. त्याच नळीतला वरचा पिवळट द्रव तिने रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवला, प्रथिनं ३.८. हा दुसरा आकडा घ्यायला विसरू नकोस. तांबड्या पेशी आतल्या आत फुटत असतील, गोचीडतापातल्या बबेशियात फुटतात तशा, तर प्रथिनं सहसा टिकतात आणि तो द्रव लालसर किंवा गडद पिवळा दिसू शकतो. पेशी आणि प्रथिनं दोन्ही कमी असतील तर रक्त शरीराबाहेर जातंय. गुदद्वारातून घेतलेली चिमूटभर शी सलाईनच्या थेंबात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर पातळ कवचाची लांबट अंडी आणि आत पेशींचा गोळा. हुकवर्म.

आपल्या किनाऱ्यावर हे पावसाळ्यात हटकून दिसतं. ओली, उबदार, सावलीतली वाळू या जंताच्या अळ्यांना लागते ती सगळी इथे आहे. मादीच्या स्नायूंत काही अळ्या निजून राहतात, गाभणपणाच्या अखेरीस जाग्या होतात आणि दुधातून पिल्लांत उतरतात. म्हणून पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं असतानाच रक्त गमवायला लागतं, कधीकधी शीत अंडी दिसायच्याही आधी. तेव्हा इतक्या लहान पिल्लात अंडी नाही सापडली तरी हुकवर्म नाकारू नकोस. रक्त रोज थोडं थोडं जातं, पिल्लू त्याला सरावतं, खेळतंही. मग एका रात्री दूध चुकतं, पावसात भिजतं, आणि उरलेला तोल जातो. झटका साखरेने आला होता, पण त्या टोकापर्यंत पिल्लाला जंतांनी आणलं होतं.

११ वर थांबून चालत नाही, रक्त द्यावं लागतं. कुत्र्याला पहिल्यांदा रक्त देताना गट न जुळवताही सहसा निभावतं, कारण दुसऱ्या गटाविरुद्ध घातक प्रतिपिंडं कुत्र्यात जन्मतः क्वचितच असतात. दुसऱ्यांदा हे गृहीत धरायचं नाही. दाता म्हणून आपला दवाखान्यातला मोठा कुत्रा होता, २८ किलोचा, लस दिलेला, गोचीडतापासाठी नुकताच तपासलेला. हिशेब सोपा आहे. किलोमागे २ मिली रक्ताने पीसीव्ही साधारण १ टक्क्याने वाढतो. ११ वरून २० वर न्यायचं तर ९ गुणिले २ गुणिले १.६, म्हणजे २९ मिली, धर ३०. सिरिंजमध्ये रक्त गोठू न देणारं, रक्तपिशवीतलं ४ मिली सीपीडीए आधी घेऊन त्यावर २८ मिली रक्त ओढलं.

आणि आता अडचण आली. मार्ग एकच होता, हाडातली सुई, आणि तिच्यातून ५ टक्के डेक्स्ट्रोज चालू होतं. डेक्स्ट्रोजच्या पाण्यात रक्ताच्या पेशी फुगून फुटू शकतात. रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियमने सीपीडीएचं काम निष्फळ होऊन गाठी होतात. रक्ताबरोबर फक्त नॉर्मल सलाईन चालतं. तिने ड्रिप बंद केली, नळी नॉर्मल सलाईनने धुतली आणि जाळीच्या ब्लड सेटमधून रक्त सुरू केलं. पण मग साखरेचं काय? पिल्लाचा ताप आता ९८ वर आला होता, गिळत होतं. तिने चमच्याने पातळ केलेलं पिल्लांचं खाणं थोडं थोडं चाटवलं. पिल्लू गार असताना हे केलं असतं तर आतडी हलत नसल्याने ते पोटात तसंच साचलं असतं. दर अर्ध्या तासाला साखर तपासली, ती ८० च्या खाली गेली नाही.

पहिली वीस मिनिटं रक्त अगदी थेंबाथेंबाने, मग उरलेलं तीन तासांत. अशा पिल्लात रक्ताचं एकूण आकारमान बरंचसं भरलेलंच असतं, फक्त त्यात पेशी नसतात. घाई केली की हृदयावर भार येतो आणि फुप्फुसांत पाणी उतरतं. म्हणून ती दर पंधरा मिनिटांनी श्वास मोजत होती, ताप बघत होती, चेहऱ्यावर सूज येते का ते पाहत होती. मायक्रोड्रिप सेटमध्ये मिलीला ६० थेंब पडतात, तेव्हा तासाला जितके मिली द्यायचे तितकेच मिनिटाला थेंब. नंतरचं सलाईन तिने तसंच लावलं, मिनिटाला ६ थेंब. साध्या ब्लड सेटला हा हिशेब चालत नाही, त्याच्या पाकिटावरचा आकडा वाच.

पहाटे पायरँटेलचं द्रावण दिलं, किलोला १० मिग्रॅ, म्हणजे १६ मिग्रॅ. मिलीला ५० मिग्रॅ असलेल्या बाटलीतलं साधारण ०.३ मिली. इतक्या कमी मापाला इन्सुलिनची सिरिंज घे, सुई काढून. सकाळी पीसीव्ही १९ होता आणि हिरड्यांवर फिकट गुलाबी रंग आला होता.

पिल्लू दुपारपर्यंत ठेवून घेतलं. आजोबा न्यायला आले तेव्हा तिने उरलेलं भावंड आणि आई, दोघांनाही संध्याकाळी आणायला सांगितलं. लोहाचे थेंब लिहून दिले, जंताचं औषध दर दोन आठवड्यांनी आणि पीसीव्ही आठवड्याने. नातीला होडीखालच्या वाळूत अनवाणी खेळायचं नाही असं बजावलं, कारण याच अळ्या माणसाच्या कातडीत शिरून खाजरे, वेडेवाकडे वळ उठवतात. आजोबा आईला घेऊन यायला कुरकुरले, ती धडधाकट आहे म्हणाले. धडधाकट दिसणाऱ्या आईच्याच दुधातून हे आलं, हे तिने त्यांना सूक्ष्मदर्शकात अंडी दाखवून पटवलं. संध्याकाळी तिघं आली. भावंडाचा पीसीव्ही १७ भरला, त्याला रक्त लागलं नाही.

सोमवारी पाळीवर येशील तेव्हा फ्रीज उघडून रक्तपिशवीवरची तारीख बघ, आणि २५ टक्के डेक्स्ट्रोजच्या निदान चार बाटल्या आहेत ना ते मोज. कमी असतील तर दुपारीच मला सांग, कणकवलीहून संध्याकाळच्या गाडीने मागवता येतात.

तुझी,
मॅडम