कपाळावर उतरणारे तेल

प्रिय ताई, माझी मुलगी साडेबारा वर्षांची आहे. गेल्या तीन महिन्यांपासून तिच्या कपाळावर, केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्या आल्या आहेत आणि कपाळ सतत तेलकट दिसते. गाल स्वच्छ आहेत. वेफर्स बंद केले, तिला दिवसातून पाच वेळा जंतुनाशक साबणाने तोंड धुवायला लावते, लिंबूही लावून पाहिले, पण ती ऐकत नाही, रडते. रोज रात्री तेल चोपडून वेणी घालते, तेवढीच पंधरा मिनिटे ती माझ्याजवळ शांत बसते. मी काय करू?
— एक आई

तुमच्या पत्रातील ‘तेल चोपडून’ या दोन शब्दांपाशी मी थांबले, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिथेच आहे.

या वयात शरीरातील संप्रेरके बदलू लागतात, त्वचेतील तैलग्रंथी मोठ्या होतात आणि कपाळावर त्या दाट असल्यामुळे तेलकटपणा तिथे आधी दिसतो. यात मुलीचा काही दोष नाही आणि वेफर्समधले तेल कपाळातून बाहेर येत नाही. परंतु त्या आधीच तेलकट झालेल्या त्वचेवर रात्रभर केसांतले तेल उतरते, उशीच्या अभ्र्याला लागते, तिथून पुन्हा कपाळाला लागते आणि रंध्रांची तोंडे बुजतात. खोबरेल तेल तर याबाबतीत विशेष बाधते. पुटकुळ्या केसांच्या कडेनेच आहेत आणि गाल स्वच्छ आहेत, ही खूण मला पुरेशी बोलकी वाटते.

तेव्हा आज रात्रीपासून तेल बंद करा. आठवड्यातून एकदा, रविवारी न्हाण्यापूर्वी तासभर, कपाळापासून दोन बोटे मागे आणि केसांच्या लांबीवर तेल लावा, मग शाम्पूने केस नीट धुवा आणि शाम्पूचा फेस कपाळावरून पूर्ण निघेल असे पाहा. अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. केसांच्या बटा कपाळावर येत असतील, तर रात्री त्या मागे बांधा.

साबण आणि लिंबू यांबद्दल मला स्पष्टच बोलावे लागेल. पाच वेळा जंतुनाशक साबण लावल्याने तैलग्रंथींचे काम थांबत नाही, केवळ वरची त्वचा कोरडी पडून चुरचुरते. आणि लिंबाच्या आम्लाने तर ती पोळते. ती रडते ते हट्टामुळे नव्हे, तिला खरोखर आग होते म्हणून.

तिचा नित्यक्रम अगदी लहान ठेवा. सकाळी आणि रात्री, म्हणजे दोनदाच, सौम्य व सुगंधरहित फेसवॉश हरभऱ्याएवढा घेऊन बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट लावायचा, कोमट पाण्याने धुवायचा आणि मऊ पंचाने न घासता टिपून घ्यायचे. खेळून घामाघूम होऊन आली, तर नुसत्या पाण्याने धुतले तरी चालते. त्यानंतर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रे न बुजवणारे, असे लिहिलेले हलके मॉइश्चरायझर पातळ लावायचे. तेलकट त्वचेलाही ते लागते, कारण पुढे औषध लावावे लागले, तर कोरडी पडलेली त्वचा ते सोसत नाही. शाळेत जाताना त्याच प्रकारचे जेल सनस्क्रीन लावावे. बेसनाने घासणे, टूथपेस्ट लावणे आणि पुटकुळी फोडणे कटाक्षाने टाळावे. घरात कोणाची ‘दोन दिवसांत बसवते’ अशी ट्यूब असेल, तर तिला हात लावू देऊ नका. अशा ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असते, चेहरा आधी निवळल्यासारखा वाटतो आणि नंतर जास्त बिघडतो.

हे सहा ते आठ आठवडे करा. दहाव्या दिवशी आरसा पाहून निराश होऊ नका. आधीच्या पुटकुळ्या हळूहळू जातात, म्हणून नव्या किती येतात तेवढेच मोजा. नव्या कमी होत असतील तर दुसरे काही नको. तरीही त्या येतच राहिल्या, तर डॉक्टरांना विचारून २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचे जेल सुरू करता येते: पहिले दोन आठवडे एक दिवसाआड रात्री, हरभऱ्याएवढे जेल सबंध कपाळावर पातळ पसरून, केवळ पुटकुळीवर ठिपका देऊन नव्हे. थोडे कोरडे पडणे अपेक्षित आहे, पण आग होऊन लाली आली, तर काही दिवस थांबावे. त्याने कापडाचा रंग उडतो, म्हणून अभ्रा पांढरा घ्या. दुखऱ्या, खोल गाठी आल्या किंवा व्रण राहू लागले, तर मात्र आठ आठवडे वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या.

आणि ती पंधरा मिनिटे सोडू नका. रात्री तिला तशीच समोर बसवा, मोकळ्या, कोरड्या केसांतून कंगवा फिरवा, सैल वेणी घाला. कपाळाकडे पाहून मात्र त्या वेळात काही बोलू नका.