अरबी शब्दांचे कार्ड धातूप्रमाणे लावताना

तू क-त-ब धातूचे सगळे शब्द एकाच दिवशी अँकी या फ्लॅशकार्डच्या अ‍ॅपमध्ये टाकू नकोस. किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लेखक, हे पटकन बसतात, पण मक्तब म्हणजे ऑफिस किंवा टेबल आणि मक्तबा म्हणजे लायब्ररी, हे दोन एकत्र आले की पक्का गोंधळ होतो. दादर ते चर्चगेट रिव्ह्यू करताना बघ, मक्तबवर तीनदा अगेन दाबलंस तर समज की दोघांची सरमिसळ होतेय. मग त्यातला एक सस्पेंड कर, दुसरा आठवडाभर मुरू दे, मगच पहिला परत चालू कर.

प्रत्येक शब्दाची वेगळी नोट कर आणि सगळ्यांना एकच टॅग दे, `root::ktb`. धातू कार्डाच्या मागच्या बाजूलाच लिही, पुढे लिहिलास तर अर्थ आठवायच्या आधीच हिंट मिळते. पुढे मात्र छोटं वाक्य हवंच, "मी मक्तबात बसलोय" असं काहीतरी, अर्थातच अरबीत.

आणि कतीबासारखे शब्द, म्हणजे सैन्याची तुकडी, लिहिण्याशी ओढूनताणून जोडत बसू नकोस, टॅग तोच ठेव पण वाक्य लढाईचंच घे.