मुलाचा हात मोडलाय, आजीची ट्रामाडॉलची गोळी अर्धी करून देऊ का?

"मुलगा आठ वर्षांचा, वजन २० किलो. काल काजूच्या झाडावरून पडला, मनगटाजवळ हाड मोडलं. रत्नागिरीत प्लास्टर घालून घरी आणला, पण रात्रभर कण्हत होता. आजीच्या गुडघ्यांसाठी ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी घरात आहे. अर्धी दिली तर चालेल का? तालुक्याचं हॉस्पिटल तासाभरावर आहे."

नको, अर्धीही देऊ नका. मोठ्यांच्या या गोळीत साधारणपणे ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. अर्ध्या गोळीतून त्याला पॅरासिटामॉल मिळेल जेमतेम १६० मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या वजनाला लागतं त्याच्या निम्मंच. आणि सोबत जे ट्रामाडॉल जाईल, त्याचं पुढे काय होईल हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

ट्रामाडॉल आणि त्याच्याच जातीचं वेदनाशामक कोडीन या दोन्हींचा खरा जोर यकृतातल्या सीवायपी२डी६ नावाच्या एन्झाइमवर अवलंबून असतो. ते कोडीनचं मॉर्फिन करतं आणि ट्रामाडॉलचं त्याहून कितीतरी जोरदार असं दुसरं द्रव्य. हे एन्झाइम किती चपळ असावं ते जन्मतः ठरतं. काहींमध्ये ते जवळजवळ कामच करत नाही, मग औषध देऊनही दुखणं तसंच राहतं. काहींमध्ये ते इतकं वेगवान असतं की नेहमीच्या डोसातूनच भराभर जास्त द्रव्य तयार होतं, मूल गुंगीत जातं आणि श्वास मंदावतो. वरून बघून मूल कुठल्या गटातलं हे कळत नाही. म्हणून डोस कमी केला की धोका गेला, हा हिशेब इथे लागू पडत नाही. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर योग्य डोसात कोडीन दिलेली मुलं दगावल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये कडक इशारा दिला, आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना वेदनेसाठी ही दोन्ही औषधं देऊ नयेत असं ठरवलं. झोपेत घोरणाऱ्या किंवा लठ्ठ मुलांमध्ये तर बारानंतरही ती टाळतात. ट्रामाडॉलने शिवाय आकडीही येऊ शकते.

आता काय द्यायचं ते. पहिली पायरी पॅरासिटामॉल: एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलाला ३००. बाटलीवर "५ मिलिमध्ये २५० मिलिग्रॅम" असेल तर ६ मिलि. "५ मिलिमध्ये १२०" असेल तर १२.५ मिलि. चूक बहुतेक इथेच होते: मेडिकलवाला वेगळी बाटली देतो आणि घरात माप जुनंच राहतं. दर ६ तासांनी, दिवसात चारदाच. स्वयंपाकघरातला चमचा नको, बाटलीसोबतचं माप किंवा सिरिंज वापरा. घरात पॅरासिटामॉलचं दुसरं कुठलंही औषध चालू नसावं, सर्दीच्या सिरपमध्येही ते असतं.

पहिले दोन-तीन दिवस "दुखलं की देऊ" असं न करता घड्याळ लावून द्या. रात्रीचा डोस चुकला की पहाटे कण्हणं सुरू होतं.

तेवढ्याने भागलं नाही तर जोडीला आयबुप्रोफेन: किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे २००. "५ मिलिमध्ये १००" असलेल्या सिरपचे १० मिलि, दर ८ तासांनी, दिवसात तीनदाच आणि काही खाल्ल्यावर. मोडलेल्या हातासाठी हे दुय्यम औषध समजू नका. मुलांच्या हाताच्या फ्रॅक्चरवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नुसतं आयबुप्रोफेन हे पॅरासिटामॉल-कोडीनच्या जोडीइतकंच कामाला आलं आणि दुष्परिणामही कमी झाले. मात्र ताप, उलट्या, लघवी कमी, मूत्रपिंडाचा आजार किंवा वेदनाशामकाने दम लागण्याचा इतिहास असेल तर ते देऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टो असतात, त्यामुळे ताप आला की आधी तपासणी. दोन्ही औषधं एकत्र असलेलं सिरपही मिळतं. ते घेतलं तर सुटं औषध वेगळं देऊ नका.

हात उशीवर छातीपेक्षा उंच ठेवा आणि बोटं हलवायला लावा.

दोन्ही औषधं पूर्ण मापात देऊनही दुखणं वाढत असेल तर तिसरं औषध शोधू नका. प्लास्टरच्या आत सूज वाढून रक्तपुरवठा दाबला जात असू शकतो. बोटं हळूच सरळ केल्यावर तो किंचाळतो का, ती गार, फिकट, निळसर किंवा बधिर आहेत का, ते बघा. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच निघा. बोटं ठीक दिसली तरीही वाढतं दुखणं सकाळपर्यंत थांबवून ठेवू नका. प्लास्टर सैल करणं हा तिथे पहिला उपाय असतो, आणि गुंगीच्या औषधाने हे लक्षण झाकलं जातं. खरंच जोरदार औषध लागलं तर हॉस्पिटलमध्ये वजनावरून मोजून मॉर्फिन देतात. ते ऐकायला जास्त भीतीदायक असलं तरी ते आधीच तयार मॉर्फिन असतं, त्या एन्झाइमचा भरवसा लागत नाही, आणि श्वासावर लक्ष ठेवायला माणूस असतो.

गोळी आधीच दिली गेली असेल तर त्याला एकटं झोपवू नका. हाक मारून उठत नाही, श्वास संथ किंवा अडखळत, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीएवढ्या, असं काही दिसलं तर १०८ ला फोन करा. उलटी करवू नका, आणि गोळीची पट्टी सोबत न्या.