नव्या फीचरची पोस्ट लिहिताना
"कळवताना आनंद होतोय" ही ओळ आधी उडव. लिंक्डइनवर पोस्ट पूर्ण उघडण्याआधी पहिल्या काही ओळीच दिसतात, आणि जपून खरेदी करणाऱ्याला धास्ती असते ती चालू काम बिघडण्याची. समजा, बिलांसाठी दुहेरी मंजुरीची सोय आणली आहे. मग असं लिही: "ठरवलेल्या रकमेवरचं बिल आता दुसऱ्या मंजुरीशिवाय पुढे जाणार नाही. सोय सुरुवातीला बंद असेल. अ‍ॅडमिनने चालू केली तरच लागू. जुन्या बिलांना हात लागत नाही. मोबाइल अ‍ॅपवर अजून नाही."

शेवटचं वाक्य मार्केटिंगवाले खोडायला सांगतीलच. खोडू नकोस, बाकीच्या वाक्यांवर विश्वास त्यानेच बसतो. मात्र प्रत्येक दावा प्रॉडक्ट टीमकडून तपासून घे. आणि ‘डेमो बुक करा’ऐवजी सेटिंगच्या माहितीची लिंक दे, ती खरेदी करणाऱ्याला आपल्या आयटीवाल्याकडे पाठवता येते.